वाहनकर्ज : मुदतीआधी फेड, गाडी ओढून नेणं आणि विम्याची जबाबदारी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

तालुक्याच्या गावी लोकांची वाहनकर्जाची करारपत्रं वाचून समजावून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. खाली दिलेले प्रश्न गाडीवाल्यांनी पुन:पुन्हा विचारलेले आहेत. शब्द शक्यतो त्यांचेच ठेवले आहेत. वेळ कमी असेल तर निदान प्रश्न ८ वाचा. हप्ते वेळेवर भरणाऱ्यांच्या गाड्याही कशा अडकतात, ते तिथे सांगितलं आहे.

१. माझं कर्ज "लोन" आहे की "हायर-पर्चेस"? दोन्हीत फरक काय?

आज बँक असो वा फायनान्स कंपनी, बहुतेक करार "लोन-कम-हायपोथेकेशन" या नावाचे असतात. यात गाडी तुमच्या मालकीची आणि तुमच्याच ताब्यात असते, फक्त तिच्यावर फायनान्सरचा बोजा असतो. हायर-पर्चेसमध्ये शेवटचा हप्ता भरेपर्यंत मालकी फायनान्सरकडे राहते. तुम्ही गाडी भाड्याने वापरत असता आणि शेवटी ती विकत घेण्याचा हक्क तुम्हाला मिळतो. हायर-पर्चेससाठी १९७२ साली वेगळा कायदा संमत झाला होता, पण तो प्रत्यक्षात कधी लागूच झाला नाही आणि २००५ साली रद्द झाला. त्यामुळे अशा व्यवहारात करारपत्राच्या शब्दांना फार वजन असतं.

आरटीओच्या लेखी मात्र दोन्ही प्रकार सारखेच आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे आरसीवर फायनान्सरचं नाव चढतं. त्यालाच आपण "एचपी चढवली" म्हणतो. करार कोणताही असला तरी त्या कराराखाली ज्याच्या ताब्यात गाडी आहे त्यालाच हा कायदा "मालक" मानतो. विम्याची आणि अपघाताची जबाबदारी तिथूनच येते (प्रश्न १२ पाहा).

२. करारपत्र चाळीस पानांचं आहे. नेमकं कुठे बघू?

चार जागा बघा. पहिली जागा म्हणजे "की फॅक्ट स्टेटमेंट". १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने प्रत्येक किरकोळ कर्जासाठी ते सक्तीचं केलं आहे. व्याजदर, सगळे खर्च धरून होणारा वार्षिक दर, मुदतीआधी फेडीचा आकार आणि दंड हे सगळं त्यात थोडक्यात असतं, आणि ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यावं लागतं. त्यात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही.

दुसरी जागा "इव्हेंट्स ऑफ डिफॉल्ट". करारभंग कशाकशाला म्हणायचं याची यादी तिथे असते. तिसरी जागा म्हणजे ताबा घेण्याचं आणि विक्रीचं कलम. चौथी जागा कोणी बघत नाही. ते असतं "अप्रोप्रिएशन"चं कलम, म्हणजे तुम्ही भरलेला पैसा आधी कशात वळता करायचा त्याचा क्रम.

प्रत तुमच्याकडे नसेल तर मागा. फायनान्स कंपनीने कर्ज देताना करारपत्र आणि त्याची सगळी जोडपत्रं कर्जदाराला दिलीच पाहिजेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. "प्रत हेड ऑफिसला असते" असं सांगितलं तर ईमेलवर लेखी मागणी करून ठेवा.

३. मुदतीआधी कर्ज फेडलं तर फोरक्लोजर चार्ज लागतोच का? आरबीआयने तो बंद केला असं ऐकलं.

जे ऐकलं ते अर्धंच खरं आहे. व्यक्तीने स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या तरत्या व्याजदराच्या, म्हणजे फ्लोटिंग, कर्जावर हा आकार लावायला २०१४ पासूनच मनाई आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांसाठी ही सूट वाढली आहे. टेम्पो, रिक्षा, ट्रक अशा धंद्याच्या गाडीसाठी व्यक्तीने किंवा लहान उद्योगाने घेतलेलं तरत्या दराचं कर्जही आता त्यात येतं. व्यापारी बँका आणि सगळ्यात मोठ्या फायनान्स कंपन्या अशा धंद्याच्या कर्जावर आकार घेऊ शकत नाहीत. स्मॉल फायनान्स बँका आणि मध्यम गटातल्या फायनान्स कंपन्यांना ही मनाई ५० लाखांपर्यंतच्या कर्जाला आहे. पैसा कुठून आणला, हा प्रश्न इथे येत नाही. दुसऱ्या बँकेकडे कर्ज वळवलं तरी सूट लागू राहते.

अडचण अशी की वाहनकर्जं बहुतेक स्थिर दराची, म्हणजे फिक्स्ड, असतात. त्यांना ही मनाई लागू नाही. तिथे कंपनी आपल्या धोरणाप्रमाणे आकार घेऊ शकते. म्हणून मंजुरीपत्रात "फिक्स्ड" आहे की "फ्लोटिंग" हा एक शब्द आधी शोधा. काही कर्जं आधी स्थिर आणि नंतर तरत्या दराची असतात. फेडीच्या दिवशी दर तरता असेल तर नवे नियम तुमच्या बाजूने आहेत.

४. माझ्या कर्जावर किती आकार बसेल? फेडण्यात फायदा आहे का?

एक उदाहरण पूर्ण करून बघू. कर्ज ६ लाख, घटत्या शिलकीवर १० टक्के स्थिर व्याज, ६० हप्ते. हप्ता १२,७४८ रुपये येतो. समजा फोरक्लोजर चार्ज उरलेल्या मुद्दलाच्या ४ टक्के आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो.

३० हप्ते भरून झाल्यावर मुद्दल साधारण ३,३७,१५० रुपये उरतं. (निम्मे हप्ते भरले म्हणजे निम्मं कर्ज फिटलं असं होत नाही, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा जास्त असतो.) आकार १३,४८६ आणि जीएसटी २,४२७ मिळून १५,९१३ रुपये होतात. कर्ज तसंच चालू ठेवलं असतं तर पुढच्या ३० हप्त्यांत सुमारे ४५,३०० रुपये व्याज गेलं असतं. म्हणजे फेडल्याने २९ हजारांच्या आसपास वाचतात.

आता तेच कर्ज ५० हप्ते भरल्यावर बंद करू. मुद्दल उरतं १,२१,८३० रुपये. आकार आणि जीएसटी मिळून ५,७५० रुपये होतात, आणि उरलेल्या दहा हप्त्यांत मिळून व्याजच जेमतेम ५,६५० रुपये जाणार असतं. इथे फेडून उलट शंभरेक रुपये जास्त जातात. दिवाळीचा बोनस आला की शेवटचे आठ-दहा हप्ते एकदम भरून मोकळं होण्याची अनेकांची इच्छा असते, आणि मनाला ते बरं वाटतं हेही खरं. पण स्थिर दराच्या कर्जात शेवटच्या वर्षात हा हिशेब आधी मांडा.

५. कंपनीने दिलेल्या फोरक्लोजर लेटरमध्ये रक्कम भलतीच जास्त आहे. काय तपासू?

टक्केवारी कशावर लावली आहे ते पहिल्यांदा बघा. ती उरलेल्या मुद्दलावर लागायला हवी. काही जण ती "उरलेल्या हप्त्यांच्या बेरजेवर" लावतात, म्हणजे जे व्याज अजून लागलेलंच नाही त्यावरही आकार घेतात. वरच्या उदाहरणात ३० हप्त्यांची बेरीज ३,८२,४४७ रुपये होते. त्यावर ४ टक्के धरले तर आकारच १५,२९८ रुपये होतो. नव्या नियमांनुसार आकार जेवढी रक्कम मुदतीआधी फेडली जाते तिच्यावरच लावायचा असतो.

शेवटच्या हप्त्यापासून बंद करण्याच्या दिवसापर्यंतचं व्याज मात्र रास्त आहे. ते द्यावं लागेल. बाकी प्रत्येक ओळीपुढे "हे की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये कुठे आहे?" असं विचारा. थकलेल्या हप्त्यावरचा दंड १ एप्रिल २०२४ पासून नवीन कर्जांत "दंडव्याज" म्हणून लावता येत नाही. तो "दंड आकार" असतो, त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही आणि त्यावर जीएसटीही नाही.

कर्जाबरोबर एकरकमी हप्त्याचा "लोन सुरक्षा" जीवनविमा घेतला असेल तर तो रद्द करून उरलेल्या काळाचा परतावा मागा. पॉलिसीच्या अटींप्रमाणे तो मिळतो, पण मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही.

६. "तीन वर्षांचा विमा आहे" असं शोरूममध्ये सांगितलं होतं. मग विमा संपला असं पत्र कसं आलं?

इथे फार लोक फसतात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. पण हा विमा दुसऱ्याच्या नुकसानीचा असतो. तुमच्या गाडीच्या नुकसानीचा आणि चोरीचा विमा, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, तो बहुतेक पॉलिसींत एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन वेगवेगळ्या तारखा छापलेल्या असतात. त्या बघा.

कायद्याला थर्ड पार्टी पुरतो. करारपत्राला पुरत नाही. कर्ज फिटेपर्यंत सर्वसमावेशक विमा चालू ठेवायचा, त्यावर फायनान्सरचं नाव नोंदवायचं आणि दरवर्षी नव्या पॉलिसीची प्रत त्यांना पाठवायची, असं जवळजवळ प्रत्येक करारात लिहिलेलं असतं. यातलं काही चुकलं तर तोही करारभंगच ठरतो, मग तुमचा एकही हप्ता थकलेला नसला तरी.

७. विमा फायनान्स कंपनी सांगेल त्याच विमा कंपनीकडून घ्यायचा का?

नाही. विमा असलाच पाहिजे, अशी अट घालता येते. अमुक कंपनीचाच हवा, अशी सक्ती करता येत नाही. तुम्ही स्वतः घेतलात तर दोन गोष्टी सांभाळा. एचपीची नोंद बरोबर नावाने करून घ्या आणि प्रत ईमेलने पाठवून पोच ठेवा. पोच कशाला, ते पुढच्या प्रश्नात आहे.

८. एकही हप्ता चुकवला नाही, तरी खात्यावर थकबाकी दिसते आणि गाडी उचलण्याची नोटीस आली. असं कसं होऊ शकतं?

होऊ शकतं, आणि बहुतेक वेळा त्याचं मूळ विम्यात सापडतं. माझ्यासमोर घडलेलं सांगतो. शेजारच्या गावातले एक काका मालवाहू टेम्पो चालवायचे. हप्ता १४,२०० रुपये, दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून वळता व्हायचा. त्यांनी विम्याचं नूतनीकरण अकरा दिवस उशिरा केलं आणि प्रत फायनान्स कंपनीला पाठवलीच नाही. कंपनीच्या नोंदीत विमा संपलेला. कराराने दिलेला अधिकार वापरून कंपनीने स्वतः विमा उतरवला आणि २८,००० रुपयांचा प्रीमियम त्यांच्या कर्जखात्यावर टाकला. कळवलं म्हणे एसएमएसने. तो नंबर काकांनी कधीच बंद केला होता.

पुढच्या पाच तारखेला १४,२०० रुपये नेहमीसारखे गेले. पण करारात क्रम असा होता की भरलेला पैसा आधी इतर आकार आणि खर्चात, मग व्याजात आणि शेवटी मुद्दलात. तो सगळा हप्ता प्रीमियममध्ये गेला आणि त्या महिन्याचा हप्ता कागदावर थकला. दुसऱ्या महिन्यात पुन्हा तेच. त्यावर दंड आकार लागला आणि तोही आधी वसूल झाला. तिसऱ्या महिन्यात खातं दोन हप्त्यांहून जास्त थकीत दिसू लागलं. बँकेच्या पासबुकात मात्र तिन्ही हप्ते गेलेले! काका ते पासबुक छातीशी धरून माझ्याकडे आले होते. टेम्पो तोपर्यंत यार्डात उभा होता.

कागद हातात आल्यावर मार्ग निघाला. एकाच काळासाठी दोन पॉलिसी होत्या. काकांची पॉलिसी आधी सुरू झाल्याचं दाखवून कंपनीची पॉलिसी रद्द करायला लावली. प्रीमियमची नोंद उलटली, हप्ते जागेवर आले, दंडही मागे घ्यावा लागला. पण टेम्पो तीन आठवडे बंद राहिला, त्याची भरपाई कोणी दिली नाही.

म्हणून बँकेच्या पासबुकावर विसंबू नका. दर तीन महिन्यांनी फायनान्स कंपनीकडून कर्जखात्याचा उतारा, म्हणजे स्टेटमेंट ऑफ अकाउंट, मागवा. त्यात "इन्शुरन्स" किंवा "अदर चार्जेस" अशी ओळ दिसली तर त्याच दिवशी लेखी हरकत घ्या. प्रीमियम खरोखरच तुमच्याकडून राहिला असेल तर हप्त्याव्यतिरिक्त वेगळी रक्कम भरा आणि ती कशासाठी आहे ते लिहून कळवा.

९. हप्ते थकले तर कोर्टाची ऑर्डर नसताना गाडी नेता येते का?

करारात तसं कलम असेल आणि ताबा शांतपणे घेतला असेल तर प्रत्येक वेळी कोर्टाचा आदेश लागतोच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली आणि नंतर २०२० सालीही हेच सांगितलं. पण त्याच न्यायालयाने २००७ आणि २०११ साली तितक्याच ठामपणे सांगितलं की गुंड पाठवून, धाक घालून किंवा बळजबरीने गाडी नेणं बेकायदा आहे. म्हणजे करारातलं कलम जबरदस्तीचा परवाना ठरत नाही.

नोटीस हा दुसरा मुद्दा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार फायनान्स कंपनीच्या करारात काही गोष्टी लिहिलेल्याच असाव्या लागतात: ताबा घेण्याआधी किती दिवसांची नोटीस, ती कोणत्या परिस्थितीत माफ, ताबा घेण्याची पद्धत, विक्रीआधी पैसे भरण्याची शेवटची संधी आणि लिलावाची पद्धत. २०२० च्या निकालाप्रमाणे करारात नोटीस लिहिलेली असेल तर ती द्यावीच लागते. तुमच्या करारात १५ दिवस लिहिले असतील आणि नोटीस न देता गाडी नेली असेल, तर ती सेवेतली त्रुटी आहे. ग्राहक आयोगात हा मुद्दा चालतो.

एक खबरदारी घ्या. घर बदललं तर नवा पत्ता आणि मोबाइल नंबर लेखी कळवा. जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीस कागदावर "बजावली" धरली जाते.

१०. रस्त्यात चार जणांनी गाडी अडवली, "फायनान्सकडून आलोय" म्हणाले. त्या वेळी काय करायचं?

गाडी बाजूला घ्या, भांडू नका, किल्ली लगेच देऊ नका. तीन गोष्टी मागा: त्यांचं ओळखपत्र, तुमच्या गाडीचा नंबर असलेलं कंपनीचं अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत. त्या कागदांचे फोटो काढा आणि कंपनीच्या शाखेत फोन करून खात्री करा. कोर्टाचा किंवा लवादाचा आदेश आहे असं म्हणाले तर त्याची प्रत वाचायला मागा. हाणामारी, शिवीगाळ, किल्ली हिसकावणं सुरू झालं तर ११२ वर फोन करा. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायलाही मनाई आहे.

गाडी द्यायची ठरलीच तर सोपवताना इन्व्हेंटरी लिस्ट करून घ्या. किलोमीटरचा आकडा, टायर, बॅटरी, स्टेपनी, टेप, ताडपत्री, गाडीतला माल, कागदपत्रं हे सगळं त्यात यायला हवं. चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. यार्डात नवी बॅटरी जाऊन जुनी बसल्याचं मी पाहिलं आहे. यादीत बॅटरीचा नंबर होता म्हणूनच ती परत मिळाली.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोऱ्या किंवा छापील "सरेंडर लेटर"वर सही करू नका. "मी स्वखुशीने गाडी जमा करत आहे" ही ओळ नंतर नोटिशीचा आणि जबरदस्तीचा तुमचा मुद्दाच बोथट करते. पोच म्हणून सही द्यायची असेल तर "हरकतीसह" असं हाताने लिहा.

११. गाडी नेली. परत कशी मिळेल? आणि लिलावानंतरही पैसे मागतात ते बरोबर आहे का?

पहिल्याच दिवशी ईमेलने विचारा: गाडी सोडवायला नेमके किती पैसे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि फक्त थकबाकी की सगळं कर्ज? कंपनीने कर्ज "रिकॉल" केलं असेल तर ती पूर्ण रक्कम मागते. केलं नसेल तर थकलेले हप्ते, दंड आकार, ताबा घेण्याचा खर्च आणि यार्डाचं भाडं एवढ्यावर गाडी सुटते. यार्डाचं भाडं दिवसावर चढतं, म्हणून घासाघीस करायची तर ती त्याच आठवड्यात करा.

पैसे भरले नाहीत तर विक्रीआधी शेवटच्या संधीचं पत्र यायला हवं. ते आल्यावर गाडीचं मूल्यांकन मागा आणि स्वतःकडे जास्त किमतीचा गिऱ्हाईक असेल तर त्याचं नाव व किंमत लेखी कळवा. पुढे "कवडीमोलाने विकली" हे सिद्ध करायला तो कागद उपयोगी पडतो. विक्रीची रक्कम कर्जाहून कमी आली तर फरक तुमच्याकडून, आणि जामीनदाराकडूनही, मागता येतो. जास्त आली तर उरलेला पैसा तुमचा. दोन्ही बाबतींत विक्रीचा हिशेब मागणं हा तुमचा हक्क आहे.

आरसी तुम्ही दिली नाही तरी विक्री अडत नाही. फायनान्सर फॉर्म ३६ भरून स्वतःच्या नावाने नवी आरसी मागू शकतो. पण त्याआधी आरटीओने तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. आरटीओचं ते पत्र आलं तर त्याला उत्तर द्या.

१२. विमा नसताना अपघात झाला. आरसीवर फायनान्स कंपनीचंही नाव आहे, मग भरपाई त्यांनी द्यायची ना?

नाही. कर्जाच्या कराराखाली ज्याच्या ताब्यात गाडी तोच मालक (प्रश्न १), म्हणून भरपाई तुमच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली आणि त्यानंतरही फायनान्सरला अशा जबाबदारीतून वगळलं आहे. गाडी त्यांनी ओढून नेल्यावर त्यांच्या ताब्यात असताना अपघात झाला तर चित्र बदलतं. म्हणून ताबा दिल्याची तारीख आणि वेळ पोचेवर असू द्या. विम्याशिवाय गाडी चालवण्याचा दंड पहिल्यांदा २,००० रुपये आहे, पण अपघातातल्या भरपाईपुढे तो काहीच नाही. तिथे घरदार विकायची वेळ येते.

१३. कर्जावरची गाडी चोरीला गेली. विम्याचे पैसे कोणाला मिळतात? हप्ते थांबवू का?

हप्ते थांबवू नका. गाडी नसली तरी कर्ज असतंच, आणि चोरीच्या क्लेमला महिने लागतात, कारण गाडी सापडत नसल्याचा पोलिसांचा अंतिम अहवाल यावा लागतो. तेवढ्या काळात हप्ते थकले तर दंड आणि खराब सिबिल दोन्ही पदरी पडतात.

पैशाचा क्रम पॉलिसीवरच्या एचपीच्या नोंदीमुळे ठरतो. दुरुस्तीचा क्लेम गॅरेजला किंवा तुम्हाला मिळतो. चोरी किंवा टोटल लॉस असेल तर पैसे आधी फायनान्सरला जातात. प्रश्न ४ मधल्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, ५,२५,००० रुपये आहे आणि ३० हप्त्यांनंतर ती चोरीला गेली असं धरा. ३,३७,१५० रुपये फायनान्सर घेईल, आणि उरलेले सुमारे १,८७,८५० रुपये, पॉलिसीतली सक्तीची वजावट जाऊन, तुम्हाला मिळतील. उलटही होतं. ऑन-रोड किमतीच्या शंभर टक्के कर्ज घेतलेल्यांची पहिल्या-दुसऱ्या वर्षात आयडीव्ही कर्जाहून कमी असू शकते. तो फरक खिशातून भरावा लागतो.

एफआयआर त्याच दिवशी करा आणि विमा कंपनी व फायनान्सर दोघांनाही लगेच कळवा. एफआयआर वेळेवर असेल तर केवळ विमा कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून खरा क्लेम नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं आहे. अशा बंद होणाऱ्या कर्जावर फोरक्लोजर चार्ज लावला असेल तर तो माफ करण्याची लेखी मागणी जरूर करा. तुम्ही आपणहून फेड केलेली नाही, हा तुमचा मुद्दा आहे.

१४. हप्ते झेपत नव्हते म्हणून शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून गाडी दुसऱ्याला दिली. पुढचे हप्ते तो भरणार. ठीक आहे ना?

ठीक नाही, आणि हे मी फार कळकळीने सांगतो. फायनान्सरच्या संमतीशिवाय गाडी देणं हा करारभंग आहे. आरसी तुमच्या नावावर, विमा तुमच्या नावावर, कर्ज तुमच्या नावावर. त्याने हप्ते थकवले तर सिबिल तुमचं बिघडतं. त्याने कोणाला उडवलं आणि विमा संपलेला असला तर भरपाईचा दावा तुमच्यावर येतो. आरसीवर ज्याचं नाव तोच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं आहे. नोटरीचा कागद त्या माणसाविरुद्ध वसुलीला फार तर उपयोगी पडेल, तिसऱ्यापुढे नाही.

योग्य रस्ता असा: फोरक्लोजर लेटर काढा, घेणाऱ्याकडून ती रक्कम थेट कर्जखात्यात भरून घ्या, एनओसी आल्यावर एचपी उतरवून गाडी त्याच्या नावावर करा.

१५. कर्ज फिटलं, एनओसीही आली. आता काम संपलं?

अजून दोन कामं आहेत. एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ देऊन आरटीओत आरसीवरची एचपी उतरवा. बऱ्याच एनओसींवर ९० दिवसांची मुदत छापलेली असते, ती उलटली की नवी काढण्यात वेळ आणि पैसा जातो. मग तीच आरसी दाखवून विमा पॉलिसीवरचंही फायनान्सरचं नाव काढा. हे दुसरं काम राहिलं तर पुढे टोटल लॉसच्या क्लेमच्या वेळी ज्या कंपनीशी तुमचा काही संबंध उरलेला नाही तिची एनओसी शोधत फिरावं लागतं.

१६. तक्रार कुठे करायची?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करा. त्याचं नाव-पत्ता शाखेत लावलेला असतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जा. फी नाही, वकील लागत नाही. नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा करा. गाडी धंद्याची असली तरी पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर तुम्ही "ग्राहक" ठरता. तक्रारीत मात्र हे वाक्य लिहायला विसरू नका.

१७. माझं कर्ज गावातल्या पतसंस्थेचं आहे. वरचे सगळे नियम लागू होतात का?

होत नाहीत. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नाही, राज्याच्या सहकार खात्याच्या देखरेखीखाली असतात. त्यामुळे प्रश्न ३ मधली फोरक्लोजरची सूट, की फॅक्ट स्टेटमेंटची सक्ती आणि लोकपाल यांचा तिथे आधार घेता येत नाही. आकार किती, ते संस्थेच्या पोटनियमांत आणि तुमच्या कर्जरोख्यात बघावं लागतं.

वसुलीचा रस्ताही वेगळा आहे. संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली उपनिबंधक किंवा सहायक निबंधकांकडून वसुली दाखला मिळवते आणि मग वसुली अधिकारी जप्ती करतो. या दाखल्याच्या सुनावणीची नोटीस तुम्हाला आणि जामीनदारांनाही येते. "गावातलीच संस्था आहे, बघू" म्हणून लोक त्या तारखेला जात नाहीत आणि दाखला एकतर्फी निघतो. भरलेल्या पावत्या आणि विम्याच्या प्रती घेऊन त्या दिवशी हजर राहा. हिशेबाची हरकत मांडायची जागा तीच आहे. आरसी, विमा आणि अपघाताबद्दलची वरची उत्तरं मात्र पतसंस्थेच्या कर्जालाही जशीच्या तशी लागू आहेत.